मदत हवी आहे: गॅझेटिअरमधील पावसाचा तक्ता छापील मांडणीतच ठेवावा की विश्लेषणासाठी नव्याने मांडावा?

जुनीपाने

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरच्या एका जिल्हा खंडातील पावसाचे तक्ते स्प्रेडशीटमध्ये उतरवत आहे. छापील पानावर ठाण्याचे, म्हणजे पाऊस मोजण्याच्या ठिकाणाचे नाव एकदाच येते आणि त्याखाली दहा-बारा वर्षांच्या ओळी असतात. आडव्या बाजूला ‘जानेवारी ते मे’ हा एकच रकाना, मग जून ते ऑक्टोबर हे महिने सुटे, पुन्हा ‘नोव्हेंबर-डिसेंबर’ एकत्र आणि शेवटी एकूण अशी मांडणी आहे. प्रत्येक रकान्याचे आणखी दोन भाग आहेत, एक इंचांचा आणि दुसरा सेंटांचा, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाचा. प्रत्येक ठाण्याखाली शेवटी सरासरीची ओळ आहे.

वाचनालयाच्या कार्यवाहांचे म्हणणे आहे की तक्ता पानासारखाच दिसावा, म्हणजे कोणालाही मूळ पुस्तक शेजारी ठेवून पडताळता येईल. माझ्या पुतणीला मात्र कृषी महाविद्यालयातील प्रकल्पासाठी याच आकड्यांचे आलेख काढायचे आहेत, आणि मर्ज केलेल्या सेलमुळे तिला साधे फिल्टरही लावता येत नाही. दोन्ही बाजू मला पटतात. 14 पाने उतरवून झाली आहेत आणि 40 उरली आहेत, म्हणून पुढे जाण्यापूर्वी विचारतो आहे.

विदाप्रेमी

यात संदिग्ध काही नाही. एका ओळीत एकच निरीक्षण असावे: ठाणे, वर्ष, महिना, पाऊस. मूळ मांडणी छपाईच्या सोयीसाठी होती. पानाच्या रुंदीत मावावे म्हणून ती तशी केली गेली. उरलेली पाने थेट उभ्या मांडणीत टंकित करा. पुतणीला पिव्होट टेबल वापरून हवा तसा तक्ता पुन्हा आडवा करता येईल.

सह्याद्रीकर

स्कॅनमधून मजकूर काढायचा असेल तर आधी पान सरळ करून घ्यावे आणि रकान्यांच्या रेषा पुसून मग ओळख प्रणाली चालवावी. मी देवनागरी पोथ्यांसाठी असेच करतो.

जुनीपाने

@सह्याद्रीकर, आभारी आहे, पण मी आकडे हाताने टंकित करतो. प्रश्न मांडणीचा आहे.

तक्तेकरी

मी गेली काही वर्षे जुन्या जनगणनेचे आणि पीक-पाहणीचे तक्ते उतरवत आहे, त्या अनुभवावरून लिहिते. विदाप्रेमी सुचवतात तो अंतिम उभा तक्ता बरोबर आहे, परंतु थेट त्या रूपात टंकित करण्याचा सल्ला मी देणार नाही. पान आडवे वाचायचे आणि शीटमध्ये उभे भरायचे, अशा वेळी डोळा एखादी ओळ चुकतो. आणि चूक झाली तरी ती सापडत नाही, कारण पडताळण्यासाठी पानावरची ओळ आणि शीटवरची ओळ शेजारी ठेवताच येत नाहीत. म्हणून टंकन छापील क्रमानेच करावे. फक्त तीन बदल करावेत: मर्ज केलेले सेल ठेवू नयेत, ठाण्याचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावे आणि पान क्रमांकाचा एक रकाना जोडावा. उभा तक्ता त्यावरून सूत्राने किंवा छोट्या प्रोग्रामने तयार करावा, आणि त्यात हाताने कधीही दुरुस्ती करू नये. चूक सापडली तर ती मूळ टंकनात सुधारून उभा तक्ता पुन्हा काढावा.

आता आपल्या तक्त्यातील खरा धोका सांगते. इंच आणि सेंट हे दोन रकाने जोडताना आपण कोणते सूत्र वापरले आहे?

जुनीपाने

पुतणीने दोन्ही जोडून मध्ये टिंब दिले आहे: `=VALUE(B5&"."&C5)`

तक्तेकरी

मला तीच शंका होती. नमुन्यासाठी एक ओळ घेऊ. आकडे माझे आहेत, पुस्तकातले नाहीत. जानेवारी ते मे 1 इंच 40 सेंट, जून 4 इंच 8 सेंट, जुलै 11 इंच 62, ऑगस्ट 6 इंच 5, सप्टेंबर 5 इंच 30, ऑक्टोबर 2 इंच 17, आणि छापील एकूण 30 इंच 62. आपल्या सूत्राने जूनचे 4.08 ऐवजी 4.8 होतात आणि ऑगस्टचे 6.05 ऐवजी 6.5. बेरीज 31.79 येते, म्हणजे 1.17 इंच जास्त. सूत्र असे हवे:

```
=B5+C5/100
```

जिथे सेंटांचा आकडा एकच अंकी आहे तिथेच ही चूक होते, आणि प्रत्येक वेळी फरक 0.09 च्या पटीत पडतो. वरच्या ओळीत 8 आणि 5 मिळून 13, आणि 13 गुणिले 0.09 म्हणजे 1.17. म्हणूनच छापील ‘एकूण’चा रकाना जपून ठेवायला हवा. उभ्या तक्त्यात त्याला जागा नाही, पण पडताळणीचे ते एकमेव साधन आहे. विदाप्रेमी यांच्या मार्गाने तो पहिल्याच दिवशी गळून पडला असता.

निवृत्त हिशेबनीस

ताई, एक भर घालतो. 9 च्या पटीतला फरक आम्ही खतावणीत आयुष्यभर शोधला, आणि तिथे त्याचे कारण बहुधा अंकांची अदलाबदल हे असते. 62 चे 26 लिहिले गेले तर फरक 0.36, तोही 0.09 च्या पटीतच. त्यामुळे सूत्र सुधारल्यावरही असा फरक उरला तर ती ओळ पानाशी पुन्हा ताडून पाहावी. बेरीज जुळावी म्हणून एखादा आकडा स्वतःच्या मनाने बदलू नये. छापणाऱ्याचीही चूक असू शकते. ती तशीच ठेवून शेजारी शेरा लिहावा.

विदाप्रेमी

एकूणच्या रकान्याबद्दलचा मुद्दा मान्य आहे. तो मी विचारात घेतला नव्हता. पण ‘जानेवारी ते मे’ या रकान्याचे उभ्या मांडणीत काय करायचे? पाचांनी भागून प्रत्येक महिन्याला वाटून द्यावे का?

तक्तेकरी

कृपया तसे करू नका. मेच्या अखेरीस एकच वळीव पडलेला असेल, आणि भागाकाराने आपण जानेवारीतही पाऊस पाडून बसू. ‘महिना’ या एका रकान्याऐवजी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने ठेवा: जूनसाठी 6 आणि 6, पहिल्या रकान्यासाठी 1 आणि 5. आलेख काढणाऱ्याला यातून आपोआप कळते की इथे सुटे महिने उपलब्ध नाहीत. सरासरीच्या ओळीही उभ्या तक्त्यात नेऊ नयेत, नाहीतर ‘सरासरी’ हे एक जास्तीचे वर्ष म्हणून मोजले जाईल.

जुनीपाने

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सूत्र बदलून 14 पानांच्या बेरजा पुन्हा ताडून पाहिल्या. आधी न जुळणाऱ्या 31 ओळींपैकी 27 जुळल्या. दोन ठिकाणी माझीच अदलाबदल निघाली, हिशेबनीस काका म्हणाले तशीच. उरलेल्या दोन ओळी पानाशी अंक न् अंक जुळतात, तरी बेरीज जुळत नाही; तिथे शेरा लिहिला आहे. वाचनालयाला छापील क्रमाचे शीट देईन आणि पुतणीला त्यावरून काढलेले.

एक अडचण मात्र राहिली आहे. काही रकान्यांत आकड्याऐवजी तीन टिंबे आहेत. जानेवारी ते मेमध्ये त्यांचा अर्थ पाऊस नाही असा घेता येईल, पण घाटमाथ्याच्या एका ठाण्यावर एका वर्षी जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांत टिंबे आहेत. तिथे शून्य कसे लिहावे?

तक्तेकरी

शून्य लिहू नका. टंकनात टिंबे जशीच्या तशी ठेवा आणि उभ्या तक्त्यात तो सेल रिकामा सोडा. त्या वर्षाचे छापील ‘एकूण’ किती आहे आणि सरासरी काढताना ते वर्ष धरले आहे का, एवढे पाहून कळवाल का? सरासरीला किती वर्षांनी भागले आहे यावरून निदान छापणाऱ्याने त्या टिंबांचा अर्थ काय घेतला होता ते समजेल.

जुनीपाने

एकूणच्या रकान्यातही टिंबेच आहेत. सरासरीचे गणित आज संध्याकाळी दोन्ही प्रकारे करून पाहतो आणि इथेच लिहितो.