अनुभव धागा: १६०० मीटर, चार राउंड आणि स्टॉपवॉच

धागाकर्ता: पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी यावं लागतं. मी चारशेच्या ट्रॅकवर पोरांचे राउंड टिपतो. परवा दोघं एकत्र सुटले. एकाचे राउंड ७०, ७७, ८३, ८४, म्हणजे ३१४ सेकंद, सरासरी ७८.५. दुसऱ्याचे ७८, ७८, ७७, ७६, म्हणजे ३०९, सरासरी ७७.२५. निम्म्या अंतरावर पहिला नऊ सेकंद पुढे होता. तिसऱ्या राउंडच्या वळणावर त्याचे खांदे कानांपर्यंत चढले, पाऊल आखूड झालं आणि शेवटी तो पाच सेकंद मागे राहिला. तुमचे राउंड कसे पडतात?

सातारकर: आमच्याकडे एकाने कॅल्क्युलेटरवर ५.१० भागिले ४ केलं, १.२७५ आलं आणि राउंडला १ मिनिट २७ सेकंद धरून महिनाभर सराव केला. त्या हिशोबाने ५:४८ लागतात! आधी सगळ्याचे सेकंद करा. ३१० भागिले ४, म्हणजे ७७.५.

धावपटू_९६: सरासरी ७७.५ आली की झालं, राउंड कसेही पडू देत. माझे ७२, ७६, ८१, ८१ येतात. बेरीज ३१०च.

धागाकर्ता: बेरीज बरोबर आहे, गुणही मिळतील. पण सरासरीत तुझी घसरण दिसत नाही. सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद राउंडमध्ये नऊ सेकंदांचं अंतर आहे. पहिला राउंड ७६ला धरून बघ. शेवटचे दोन ८१च्या खाली आले, तर तुझ्यात अजून वेळ शिल्लक आहे. आलेच नाहीत, तर दम कमी पडतोय आणि लांब पळणं वाढवायला हवं.

मीनल: मुलींना ८०० असतं, दोनच राउंड. मला पहिला जरा जलदच बरा पडतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रुदिशाने १:४०.९१चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला राउंड ४९.२८ आणि दुसरा ५१.६३ होता. मग समान वेगाचा नियम ८००ला का लावायचा?

सातारकर: पण त्याचाही फरक अडीच सेकंदांच्या आतच आहे. आमच्या मुलींचा दहा-बारा पडतो.

मीनल: तो जगज्जेता. आपल्याला किती चालेल, ते सांगा ना.

आजोबा_चालतात: मी शाळेच्या मैदानावर रोज चालतो. माझं घड्याळ राउंडगणिक वाढतच जातं, ४:१०, ८:१५, १२:२५. मी इतका मंदावतोय का?

धागाकर्ता: नाही काका, ती एकूण वेळ आहे. आधीची वजा करा: ४:१०, ४:०५, ४:१०. तुमचा वेग या पोरांपेक्षा जास्त एकसारखा आहे. फक्त रोज आतल्या कडेनेच चाला. चारशेच्या ट्रॅकवरसुद्धा दुसऱ्या लेनमध्ये राउंड सुमारे सात मीटरने वाढतो, मग कालचे आकडे आजच्याशी जुळत नाहीत.