q1 = q2 कधी ठेवायचं?

> दोन कंपन्या आपापलं उत्पादन q1 आणि q2 स्वतंत्रपणे ठरवतात; मागणी P = 120 − q1 − q2, दर नगाचा खर्च 30. कंपन्या सारख्याच, म्हणून आधीच q1 = q2 ठेवलं, तर 22.5 आलं. उत्तर 30 दिलंय. चुकलं कुठे?

चूक क्रमात आहे. आधी समान ठेवलंत की दोघी संगनमताने मिळून ठरवताहेत असं होतं. इथे पहिली कंपनी q2 स्थिर धरते. तिचा नफा (90 − q1 − q2)q1; q1 ने अवकलन करून शून्य ठेवलं की 90 − 2q1 − q2 = 0, म्हणजे q1 = 45 − q2/2. हे तिचं प्रतिक्रिया फलन. आता q1 = q2 ठेवा: 30, किंमत 60.

पडताळाही घ्या, तो फार बोलका आहे. दुसरी 22.5 वर असेल तर पहिलीला 33.75 परवडतं, म्हणजे 22.5 टिकत नाही. दुसरी 30 वर असेल तर पहिलीचंही 30 च.