मदत हवी आहे: स्लाइडमध्ये पेन्सिल सेल आणि टार्गेट सेल दोन्ही, तर काय लिहायचं?

धुळे_सेकंडइयर
प्रॅक्टिकल जवळ आलंय. सरावाच्या स्लाइडसोबत ही माहिती दिली आहे: २६ वर्षांची बाई, दम लागतो, पाळीत रक्त जास्त जातं. हिमोग्लोबिन ७.२, पीसीव्ही २४, लाल पेशी ३६ लाख, एमसीव्ही ६६.७, प्लेटलेट ५.२ लाख. पेशी लहान आणि फिकट आहेत एवढं नक्की. पेन्सिलसारख्या लांबट पेशी आहेत, पण अधूनमधून टार्गेट सेलही दिसते, त्यामुळे लोहाची कमतरता की थॅलसेमिया यावर आमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत. स्लाइडच्या टोकाला तर लांबट पेशींची रांगच आहे. त्या धरायच्या का? आणि लिहिताना सुरुवात कुठून करायची?

जळगाव_इंटर्न
टार्गेट सेल दिसली की थॅलसेमिया लिहून मोकळं व्हायचं, लोहाच्या कमतरतेत त्या नसतात. खात्री हवी असेल तर मेन्टझर इंडेक्स काढ. एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भाग, १३ च्या खाली आलं तर थॅलसेमिया ट्रेट.

तापीकाठ
इंडेक्सचं बरोबर आहे, टार्गेट सेलचं नाही. लोहाच्या कमतरतेतही थोड्या टार्गेट सेल असतात. शिवाय तुम्ही सांगितलेला भागाकार इथे करून पाहा: ६६.७ भागिले ३.६ म्हणजे साधारण १८.५. तुमच्याच कसोटीने उत्तर लोहाकडे जातं. ट्रेटमध्ये पेशी लहान असतात पण संख्येने भरपूर, बऱ्याचदा ५० लाखांच्या वर. हिमोग्लोबिनही सहसा सातपर्यंत उतरत नाही.

आता मूळ प्रश्न. आधी जागा नीट निवडा. दहाच्या लेन्सवर स्लाइड फिरवून असा पट्टा शोधा जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, पण चढत नाहीत. मगच तेल टाकून शंभरची लेन्स लावा. टोकाकडे पेशी चपट्या होतात आणि मधला फिकट भाग नाहीसा होतो, त्यामुळे तिथे स्फेरोसाइट असल्याचा भास होतो. जाड बाजूला पेशींच्या चळती दिसतात, त्यावरून रूलो लिहू नका.

टोकाच्या लांबट पेशींचं तोंड एकाच दिशेला आहे का, ते बघा. सगळ्या एकाच दिशेला कललेल्या असतील तर त्या स्मिअर ओढताना ताणल्या गेल्यात, मोजायच्या नाहीत. खऱ्या पेन्सिल सेल चांगल्या पट्ट्यातही सापडतात आणि वाटेल त्या दिशेला पडलेल्या असतात.

आकार ठरवायला शेजारी लहान लिम्फोसाइट शोधा. नॉर्मल लाल पेशी साधारण तिच्या केंद्रकाएवढी असते, इथे ती त्याहून लहान दिसेल. फिकटपणासाठी मधला पांढुरका भाग बघा. तो पेशीच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाला की हायपोक्रोमिया.

आप्पा_लॅबवाले
फिकटपणा लिहिण्याआधी त्या पांढऱ्या भागाची कड बघत जा. खरा फिकटपणा कडेकडून मध्याकडे हळूहळू उतरतो. कड एकदम धारदार, चकाकणारी, पंचिंग मशीनने भोक पाडल्यासारखी असेल तर तो ओलाव्याचा दोष आहे. पावसाळ्यात स्मिअर सावकाश वाळली की हमखास होतं. फाइन अ‍ॅडजस्टमेंट थोडी फिरवली की कड चमकते, तिथेच कळतं.

दुसरं पाण्याचं. लीशमन दोन मिनिटं तसाच ठेवायचा, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी घालून आठ-दहा मिनिटं. बफर ६.८ चं लागतं. त्याऐवजी बोअरचं पाणी घातलं आणि ते अल्कलाइन निघालं तर लाल पेशी निळसर होतात, अन् मुलं पॉलीक्रोमेशिया लिहून ठेवतात. सगळ्याच पेशी निळसर असतील तर दोष रंगाचा. पॉलीक्रोमेशियात काहीच पेशी निळसर असतात, आणि त्या शेजारणींपेक्षा मोठ्या असतात.

शहादा_शेतकरी
नमस्कार डॉक्टर लोकहो. माझ्या भाचीच्या रिपोर्टात टार्गेट सेल लिहिलंय. आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट भरपूर. म्हणजे तिला सिकल आहे का?

तापीकाठ
दादा, नुसत्या टार्गेट सेलवरून तसं म्हणता येत नाही. उलट सिकल नाही असंही म्हणता येत नाही, कारण सिकलचा वाहक असेल तर त्याची स्लाइड बहुतेक वेळा साधीच दिसते. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटीची तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करा, वाहक आहे की आजार आहे ते त्यातच ठरतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना नक्की भेटा.

मुलांनी यातून एक घ्यावं. पेन्सिल सेलला सिकल म्हणणारे दरवर्षी असतात. पेन्सिल सेलची टोकं बोथट असतात आणि मध्ये फिकट पट्टा दिसतो. सिकल सेल वाकलेली, टोकदार आणि गडद असते, मध्ये फिकटपणा नसतो.

धुळे_सेकंडइयर
असं लिहिलंय, बघता का? "स्लाइडमध्ये लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया दिसतो. पेन्सिल सेल, टार्गेट सेल आहेत. पांढऱ्या पेशी नॉर्मल."

तापीकाठ
निदान पहिल्या वाक्यात नको. निदान चुकलं तर खालच्या बरोबर वर्णनाकडेही परीक्षक संशयाने बघतात. शिवाय प्लेटलेट राहिल्या, त्या तर इथे वाढल्यात आणि लोहाच्या कमतरतेत तसं होतं. असं लिहून पाहा:

"लाल पेशी: बहुतांश मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, मध्यम अ‍ॅनायसोसायटोसिस व पॉइकिलोसायटोसिस. पेन्सिल सेल बऱ्याच, टार्गेट सेल तुरळक. केंद्रकयुक्त लाल पेशी व बेसोफिलिक स्टिपलिंग आढळले नाही. पांढऱ्या पेशी: संख्या, प्रमाण व रचना नॉर्मल. प्लेटलेट: वाढलेल्या. हिमोपॅरासाइट आढळले नाहीत. मत: मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक अ‍ॅनिमिया, लोहाच्या कमतरतेची शक्यता अधिक. सीरम फेरिटिन करावे."

"आढळले नाही" हे स्लाइड खरंच फिरवून पाहिल्यावरच लिहा. स्टिपलिंग सापडलं, पेशी लहान पण जवळपास सारख्याच आकाराच्या असल्या आणि टार्गेट सेल भरपूर असल्या, तर कल ट्रेटकडे जाईल. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल वाढलेले दिसले तर हुकवर्मचा विचार करून मलतपासणी सुचवा.

जळगाव_इंटर्न
मान्य. पण तुम्ही "मत"मध्ये लोहाचं नाव घेतलंत. आमच्याकडच्या परीक्षकांना ते चालत नाही. मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक इथेच थांबा म्हणतात, कारण लोह स्लाइडवर दिसत नाही. आणि लोहाची कमतरता व ट्रेट दोन्ही एकत्र असतील तर इंडेक्सही फसतो ना?

तापीकाठ
फसतो. एचपीएलसीसुद्धा फसू शकते, कारण लोह कमी असताना एचबीए२ खाली येतं आणि ट्रेट झाकला जातो. म्हणून लोह भरून काढल्यावर ती पुन्हा करावी लागते. "मत"बद्दल सांगायचं तर, पाळीचा इतिहास आणि आकडे दिलेले असताना नाव न घेणं मला पटत नाही. नुसती स्लाइड दिली असेल तर तुमचं बरोबर, तिथेच थांबावं.

आप्पा_लॅबवाले
आमच्याकडे दोन्ही प्रकारचे परीक्षक येतात. धुळेकर, तुमचे सर काय म्हणतात ते आधीच विचारून ठेवा.

धुळे_सेकंडइयर
विचारतो. टोकाच्या पेशी पुन्हा पाहिल्या, सगळ्या एकाच दिशेला आहेत. पण चांगल्या पट्ट्यात एका फील्डमध्ये तीन-चारच पेन्सिल सेल सापडतात. मग "बऱ्याच" लिहायचं की "काही"?