बुकिंग पक्के झाल्याच्या मेलमध्ये ‘शुल्क परत मिळणार नाही’ एवढे एकच वाक्य पुरेसे आहे का?

रोखठोक
मी स्वतंत्र आर्थिक सल्लागार आहे. बुकिंग पक्के झाल्याच्या मेलमध्ये मी एकच वाक्य लिहितो: ‘एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ ज्यांना यासाठी अर्धे पान अटी लिहाव्या लागतात, त्यांना स्वतःच्या वेळेची किंमत कळलेली नसते. कुणाला वेगळे वाटत असल्यास कारणासह सांगावे.

दोन घड्या
कारणासह मागितले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. शेवटच्या टोमण्याने थोडी चिडलेही आहे, हे आधीच कबूल करते.

पहिली अडचण अशी की हा मेल पैसे भरून झाल्यावर जातो. व्यवहार ठरल्यानंतर समोर ठेवलेली अट ग्राहकाने मान्य केली होती, असे म्हणता येत नाही. कार्डाने पैसे भरलेला ग्राहक बँकेकडे तक्रार करतो, तेव्हा बँक सल्लागाराला हेच विचारते की, पैसे भरण्यापूर्वी ही अट दिसत होती का आणि त्याने ती स्वीकारल्याची नोंद कुठे आहे. मी असा एक वाद हरले आहे आणि तेव्हा माझ्या हातात नेमका असाच मेल होता. अटीची जागा पैसे भरण्याच्या पानावर, खूण करायच्या चौकटीजवळ आहे. मेलमध्ये तीच अट शब्दही न बदलता पुन्हा यावी.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. आठवडाभर आधी कळवले काय किंवा अजिबात कळवले नाही काय, पैसे जाणारच असतील, तर माणूस कळवण्याची तसदी कशाला घेईल? तुम्ही पाऊण तास रिकाम्या पडद्यासमोर बसता. ती वेळ आधी मोकळी झाली असती, तर दुसऱ्या कुणाला देता आली असती. मुदतीपूर्वी कळवणाऱ्याचा फायदा होतो, हे दिसले तरच लोक कळवतात.

तिसरे म्हणजे ‘कोणत्याही परिस्थितीत’ या शब्दांत तुमचे आजारपण आणि तुमचे बंद पडलेले इंटरनेटही बसते. तुमचा तसा हेतू नसेल, पण वाक्य तेच सांगते.

रोखठोक
ताई, आपण वकील दिसता. माझ्याकडे चार वर्षांत कुणीही बँकेकडे तक्रार केलेली नाही. शिवाय मुदत दिली की लोक ती मुदतच ताणतात. पूर्वी मी ‘एक दिवस आधी कळवावे’ असे लिहीत असे, तेव्हा भेटीच्या आदल्या रात्री पावणेबाराला मेल येत आणि वर ‘तारीख बदलण्याआधी कळवले आहे’ असा युक्तिवादही असे. त्या वादांना कंटाळूनच मी हे एक वाक्य धरले.

दोन घड्या
वकील नाही, करसल्ला देते. त्या पावणेबाराच्या मेलमध्ये ग्राहकाची काहीच चूक नव्हती. ‘एक दिवस आधी’ म्हणजे २४ तास की आदली तारीख, हे तुमच्या वाक्यातून कळतच नाही, आणि अट लिहिणाऱ्यानेच ती संदिग्ध ठेवली असेल तर शंकेचा फायदा वाचणाऱ्याला द्यावा लागतो.

माझाही असाच प्रसंग आहे. भेट गुरुवारी सकाळी ११ची होती आणि मेलमध्ये ‘२४ तास आधी’ असे होते. ग्राहक दुसऱ्या देशात होता आणि त्याचे घड्याळ माझ्यापेक्षा साडेतीन तास मागे होते. त्याने त्याच्या बुधवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे माझ्या घड्याळात दुपारी दोनला, रद्द केले. माझ्या हिशेबाने तो तीन तास उशिरा होता. त्याच्या हिशेबाने, ‘११ वाजता’ हे त्याने स्वतःच्या घड्याळाने वाचले असल्यामुळे, तो अर्धा तास लवकर होता. मी पैसे परत केले, कारण मेलमध्ये कोणाचे घड्याळ धरायचे हे कुठेही लिहिले नव्हते. तेव्हापासून मी तास मोजायला सांगतच नाही. मुदतीचा वार, तारीख, वेळ आणि ती कोणत्या ठिकाणची, हे सगळे लिहिते. बहुतेक बुकिंग प्रणाली हा मजकूर भेटीच्या वेळेवरून आपोआप भरू शकतात.

मीरा
मुळात दंडानेच उलट परिणाम होतो, हे आपण विसरत आहात. इस्राएलमधील हैफा येथील १० पाळणाघरांच्या प्रसिद्ध अभ्यासात मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीइतका खाली आला नाही. दंड भरला की अपराधीपणा संपतो आणि उशीर ही विकत घेतलेली सेवा होते. म्हणून पैशांचा उल्लेखच न करता ‘ही वेळ केवळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे’ एवढेच लिहावे.

दोन घड्या
अभ्यास खरा आहे. पण त्यात दंड लहान होता आणि तो नंतर, वरून लागत होता. इथे पूर्ण शुल्क आधीच भरलेले आहे. शिवाय दंड सहाच पाळणाघरांत लावला होता, बाकीची चार तुलनेसाठी होती. आपले वाक्य मला आवडले, ते मी पहिल्या ओळीत घेईन, पण त्याच्यापुढे मुदत लिहिलीच पाहिजे. नुसत्या सौजन्यावर विसंबलेल्या मेलमध्ये वाद झाला, तर बोट ठेवायला काहीच उरत नाही.

मीरा
आकड्यांची दुरुस्ती मान्य. मुद्दा मात्र अजूनही मान्य नाही.

ग्राहकपक्ष
इथे सगळे सल्लागारच बोलत आहेत, म्हणून पैसे भरणाऱ्याची बाजू मांडतो. गेल्या वर्षी मी एका सल्लागाराची ४५ मिनिटांची वेळ घेतली होती. मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिले होते की, ग्राहक १० मिनिटांपेक्षा जास्त उशिरा आल्यास त्याला गैरहजर समजले जाईल. मी दोन मिनिटे आधी हजर होतो. महाशय २२ व्या मिनिटाला उगवले, ‘आधीची भेट लांबली’ म्हणाले आणि ठरलेल्या वेळेला उठले. मी २३ मिनिटांसाठी पूर्ण पैसे मोजले. मी परतावा मागितला, तेव्हा उत्तर आले की सल्लागाराच्या उशिराबद्दल अटींमध्ये काहीही नमूद नाही. नमूद नव्हतेच, कारण अटी त्यांनीच लिहिल्या होत्या!

रोखठोक
एका बेशिस्त माणसाचे खापर सगळ्यांच्या डोक्यावर फोडू नये. मी स्वतः कधीच उशिरा येत नाही, मग माझ्या मेलमध्ये ‘मी उशिरा आलो तर’ असे लिहून ग्राहकाच्या मनात नसलेली शंका का पेरू?

ग्राहकपक्ष
आपण कधीच उशिरा येत नसाल, तर ते वाक्य लिहायला आपल्याला एक पैसाही खर्च येणार नाही. तरीही ते लिहायला आपण इतके घाबरता, यातच सगळे आले.

रोखठोक
घाबरण्याचा प्रश्नच नाही. कृपया वैयक्तिक होऊ नये.

अर्धविराम
मला वाटते प्रश्न आठवणीच्या संदेशाचा आहे. मी मेलमध्ये कितीही कडक लिहिले, तरी लोक विसरतातच, म्हणून मी भेटीच्या बरोबर २४ तास आधी आपोआप जाणारा संदेश लावला आहे. माझी रद्द करण्याची मुदतही २४ तासांचीच आहे. तरीही तो संदेश गेल्या गेल्या रद्द करणाऱ्यांची उत्तरे येऊ लागतात आणि मग ‘पाचच मिनिटे उशीर झाला’ असे वाद होतात. लोक इतके बेजबाबदार का असतात?

दोन घड्या
प्रश्न मूळ मेलचा होता, पण तुमच्या तक्रारीचे उत्तर तिच्यातच आहे. तुमचा संदेश पोहोचतो तेव्हा मुदत संपलेली असते. तो ४८ तास आधी पाठवा आणि त्यात मुदतीची तारीख व वेळ पुन्हा लिहा. मग आठवण झालेल्या माणसाला निर्णय घ्यायला एक पूर्ण दिवस मिळेल.

अर्धविराम
हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पण आणखी एक तक्रार आहे. एका ग्राहकाने वेळ रद्द न करता तीनदा पुढे ढकलली. प्रत्येक वेळी तो मुदत संपण्याआधी काही मिनिटे कळवत असे, आणि चौथ्या वेळी रद्द करून त्याने पूर्ण पैसे परत नेले. अटींप्रमाणे तो बरोबर होता.

दोन घड्या
ही पळवाट मीही भोगली आहे. वेळ एकदा विनाशुल्क बदलता येईल आणि बदललेली वेळ पुन्हा रद्द केल्यास शुल्क परत मिळणार नाही, असे लिहिल्यावर ती बंद होते.

इतके बोलून झाले आहे, तर माझ्या मेलचा मजकूरच देते:

> ही वेळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे: गुरुवार, १८ तारीख, सकाळी ११ ते ११.४५, आपल्या शहराच्या घड्याळाप्रमाणे.
>
> बुधवार, १७ तारखेला सकाळी ११ वाजेपर्यंत, त्याच घड्याळाप्रमाणे, याच मेलला उत्तर देऊन कळवल्यास भेट रद्द करून पूर्ण शुल्क परत घेता येईल किंवा एकदा वेळ बदलता येईल. बदललेली वेळ रद्द केल्यास शुल्क परत मिळणार नाही.
>
> त्यानंतर रद्द केल्यास निम्मे शुल्क परत मिळेल. न कळवता गैरहजर राहिल्यास शुल्क परत मिळणार नाही. मी ११.१५ पर्यंत वाट पाहीन. त्याआधी आपण आलात, तर भेट ११.४५ लाच संपेल.
>
> मी भेट रद्द केली किंवा ११.१५ पर्यंत आले नाही, तर पूर्ण परतावा घ्यायचा की नवी वेळ, हे आपण ठरवावे. त्याआधी पण उशिरा आले, तर तेवढी मिनिटे शेवटी वाढवून देईन.

‘निम्मे’ का, असे कुणी विचारेल. उशिरा रद्द करणे आणि अजिबात न कळवणे यांत फरक ठेवला नाही, तर मुदत हुकलेल्याला कळवण्याचे काही कारण उरत नाही.

रोखठोक
पैसे भरण्याच्या पानावर चौकट टाकण्याचा सल्ला मी घेतो, कारण तो फुकट आहे. तारीख-वेळ लिहिण्याबद्दलही हरकत नाही. पावणेबाराचे मेल कमी झाले तर आपले आभार मानीन. पण निम्मे शुल्क परत देणे म्हणजे सरळसरळ बक्षीस आहे. सकाळी १० वाजता रद्द झालेली ११ची वेळ मी कुणाला देणार?

मीरा
आणि ग्राहक खरोखरच आजारी पडला तर? मजकुरात त्याचा उल्लेखच नाही.

दोन घड्या
मुद्दामच नाही. ‘अपरिहार्य कारण असल्यास’ असे लिहिले की, कारण अपरिहार्य होते की नाही हे ठरवणे आपल्याकडे येते आणि लोकांकडून दवाखान्याचे कागद मागण्याची पाळी येते. मी प्रत्येक ग्राहकाला पहिल्या वेळी कारण न विचारता सूट देते, पण ती लिहीत नाही.

मीरा
म्हणजे जो मागायला धजतो त्याला सूट मिळते आणि जो भिडस्त आहे तो गप्प बसून पैसे घालवतो. याला मी न्याय म्हणणार नाही.

दोन घड्या
हा आक्षेप खरा आहे. लिहिली तर प्रत्येक जण ती हक्काने वापरेल, न लिहिली तर तुम्ही म्हणता तसे होते. मला अजून मधला मार्ग सापडलेला नाही.

ग्राहकपक्ष
शेवटच्या परिच्छेदासाठी मी आपल्याकडे वेळ घ्यायला तयार आहे. फक्त एक शंका आहे. ती वाढीव मिनिटे पुढच्या ग्राहकाच्या वेळेतून कापणार असाल, तर पुढच्या खुर्चीवर पुन्हा मीच बसलेला असेन.