निरपेक्ष स्वरज्ञान: जन्माचे की सवयीचे?

पर्वरीकर: निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे ऐकलेला कोणताही स्वर दुसऱ्या स्वराच्या आधाराशिवाय नावाने ओळखणे, ही जन्मजात देणगी आहे. ज्याला ती नाही त्याला कितीही शिकवा, ते येणार नाही. तेव्हा चार वर्षांच्या मुलांसाठी असले वर्ग काढून पालकांकडून पैसे उकळणे थांबले पाहिजे.

फोंड्याची पियानो शिक्षिका: वर्गांच्या शुल्काविषयी आपण काय म्हणता ते मी सोडून देते, परंतु ‘कितीही शिकवा’ हे शब्द वाचून राहवले नाही. जपानमध्ये आयाको साकाकिबारा यांनी दोन ते सहा वर्षांच्या 24 मुलांना रोज थोडा थोडा वेळ पियानोवर तीन-तीन स्वरांचे मेळ ऐकवले आणि प्रत्येक मेळासाठी एका रंगाचे निशाण उचलायला शिकवले. आरंभ ‘सी-ई-जी’ या एकाच मेळाने होई, आणि तो पक्का झाल्यावरच दुसरा मिळे. अशा रीतीने आधी पांढऱ्या पट्ट्यांवरचे आणि मग काळ्या पट्ट्यांचा समावेश असलेले मेळ आले. दोन मुलांनी मध्येच शिक्षण सोडले. उरलेली 22 मुले एकेक स्वर कोणत्याही आधाराशिवाय ओळखू लागली. देणगी दुर्मीळ असती, तर ती नेमकी याच 22 घरांत कशी वाटली गेली?

पर्वरीकर: बाईंनी आकडा उत्तम निवडला आहे, मात्र जोडीला शिक्षण न दिलेल्या मुलांचा गट नव्हता, आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलाला रोज निशाणे उचलायला बसवणारे आईबाप सामान्य नसतात, हे त्यांनी सांगितले नाही. जुळ्यांचा अभ्यासही त्यांनी वाचावा. थ्यूश आणि गिट्शियर यांना 2011 मध्ये असे आढळले की एका जुळ्याला ही क्षमता असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत सुमारे 79 टक्के आणि द्विबीज जुळ्यांत 45 टक्के होते. रक्ताचा वाटा नसता तर हा फरक पडला नसता.

फोंड्याची पियानो शिक्षिका: रक्ताचा वाटा मी नाकारलेला नाही, नाकारला तो आपला ‘कितीही’. शिवाय ती एकबीज जुळी 14 आणि द्विबीज 31 जोड्या एवढीच होती. बाहरलू आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सहाशेहून अधिक संगीतकारांना विचारले, तेव्हा चार वर्षांपर्यंत शिक्षण सुरू केलेल्यांपैकी 40 टक्क्यांनी, तर नऊनंतर सुरू केलेल्यांपैकी केवळ 3 टक्क्यांनी आपल्याला हे ज्ञान असल्याचे सांगितले. संगीताचा वारसा असलेल्या घरांतच मुलांना लवकर बसवले जाते, ही शंका आपण काढणार हे मला ठाऊक आहे, आणि ती योग्यच आहे.

भजनी मंडळी, डिचोली: आमच्या चिरंजीवांनी कधीही शिक्षण घेतलेले नाही, तरी भजनात ते तसूभरही बेसूर होत नाहीत. म्हणजे हे जन्मजातच, असे मी पर्वरीकरांच्या बाजूने नोंदवतो.

फोंड्याची पियानो शिक्षिका: बुवा, सुरेल असणे वेगळे. चिरंजीवांना पेटीपासून दूर, पाठमोरे बसवा आणि वेगवेगळ्या सप्तकांतल्या पट्ट्या एकेक करून, मध्ये खंड ठेवून वाजवा. पहिल्याच पट्टीचे नाव ते झटकन सांगू शकले तर पुढे बोलू. आधीच्या पट्टीवरून मोजून सांगत असतील, तर ती चांगली तालीम आहे, हे ज्ञान नव्हे.

मडगावची आई: आणि हे ज्ञान असून उपयोग काय, याचा विचार कोणी केला आहे का? माझी लेक चौथ्या वर्षापासून पियानो शिकली आणि कोणताही स्वर नावाने सांगते. गेल्या श्रावणात देवळातल्या भजनाला तिला बसवले. पहिले गायक काळी एकमध्ये गायले. पुढच्यांसाठी पेटीवाल्यांनी पट्टी बदलून पांढरी दोन घेतली आणि ही मुलगी गोंधळली. इतरांना ‘सा’ ऐकू येत होता, तिला मात्र फक्त त्या पट्टीचे इंग्रजी नाव, ‘डी’. सा-रे-ग म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

भजनी मंडळी, डिचोली: दोष पेटीचा आहे! बारा पट्ट्यांत कोंडलेल्या स्वरांनी आपल्या कानांचे वाटोळे केले. तंबोऱ्यावर बसवली असती तर ‘सा’ कुठेही ठेवा, मुलगी ओळखती.

पर्वरीकर: पेटीला दोष देण्याआधी बुवांनी तिच्याशिवाय एक भजन करून दाखवावे.

फोंड्याची पियानो शिक्षिका: पेटी असो वा तंबोरा, अडचण तीच राहील. मियाझाकी यांच्या प्रयोगांत निरपेक्ष स्वरज्ञान असलेले वादक दोन स्वरांतले अंतर ओळखताना, आधारस्वर नेहमीच्या ‘सी’वरून हलवला की अडखळू लागले, हे ज्ञान नसलेल्यांना तो फरक बाधला नाही. आपल्याकडे तर गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ‘सा’ हलतो. मडगावच्या ताई, लेकीला काही दिवस एकच ओळ काळी एक, पांढरी दोन आणि काळी चार अशा तीन पट्ट्यांतून सरगमने गाऊ द्या, आणि त्या वेळी इंग्रजी नावे मुळीच उच्चारू नका.

मडगावची आई: ती म्हणते, नाव तोंडाने नाही घेतले तरी कानात वाजतेच.

पर्वरीकर: ‘कितीही’ हा शब्द मी मागे घेतो. शुल्काबद्दलचे मत तसेच ठेवतो.