घोषवाक्यात मोबाइल नकोच

>> "‘मोबाइल ठेवा, पुस्तक उचला’ कसं वाटतं? लहान आहे, लक्षात राहतं."

किशोरवयीन मुलांना वाचनाकडे वळवायचं घोषवाक्य म्हणून हे लहान आहे, पण ऐकणारा पंधरा वर्षांचा आहे आणि पहिलाच शब्द त्याच्या हातातली वस्तू काढून घेतो. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं होतं की निवडीचं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणसाला तीच गोष्ट जास्त हवीशी होते. या वयात तर हे फारच तीव्र असतं. शिवाय ‘ठेवा’, ‘उचला’ हे फलकावरचं सूचनावजा बोलणं झालं. मुलं आपसात ‘तू’ म्हणतात.

आमच्या वाचनगटात मी अगदी असंच वाक्य लावलं होतं. मुलांनी ते वाचलं आणि लगेच वाद सुरू केला, की मोबाइलवरही पुस्तक वाचता येतंच की! चर्चा मोबाइलचीच झाली, पुस्तक बाजूला पडलं. मग वाक्य बदललं: ‘दहा पानं वाच. नाही आवडलं तर सोड.’ यात काम नेमकं आणि छोटं आहे, आणि सोडायची परवानगी खरी आहे. काहींनी खरंच सोडलं, पण दुसरं पुस्तक मागायला आले. मात्र हे वाक्य लावायचं तर समोर पहिल्या दहा पानांतच पकड घेणारी पुस्तकं हवीत, संथ सुरुवातीची नकोत. आणि सोडणाऱ्याला कुणी ‘का सोडलंस?’ विचारलं, की त्या परवानगीवरचा विश्वास उडतो.