एक्स्पोर्टची विक्री कुठल्या तारखेच्या रेटने बुक करायची? शिपिंग बिल की बिल ऑफ लेडिंग?

मेघना: ऑफिसात वाद चाललाय. इन्व्हॉइस २०,००० डॉलरचं, एफओबी, तारीख १० फेब्रुवारी. शिपिंग बिलावर कस्टम्सचा रेट ८२.५० आहे. बिल ऑफ लेडिंग १८ फेब्रुवारीचं, त्या दिवशी रेट ८३.०० होता. ३१ मार्चला ८३.४० होता. २० एप्रिलला बँकेत १६,५८,६७६ रुपये जमा झाले. माझं मत शिपिंग बिलाचाच रेट घ्यावा, जीएसटी रिटर्नलाही तोच लागतो. आणि जो फरक पडेल तो सगळा एक्स्चेंज लॉसला टाकून मोकळं व्हावं. पटतंय का?

सुहास: मला पटतंय. आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात, रिटर्न आणि लेजर एका आकड्यावर जुळतात, ऑडिटला कोणी विचारत पण नाही. दोन-दोन रेट ठेवायचे आणि मग वर्षाच्या शेवटी जुळवत बसायचं, कशाला?

विद्याताई: मला अजिबात नाही पटत, आणि हे ठामपणे सांगते. कस्टम्सचा रेट सरकारी मूल्यांकनासाठी असतो, तुमची विक्री कधी झाली हे तो सांगत नाही. ते सांगतात इन्व्हॉइसवरच्या अटी. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची, म्हणून १० फेब्रुवारीला तुमच्या हातात फक्त कागद होता, येणं १८ ला तयार झालं. २०,००० गुणिले ८३, म्हणजे १६,६०,००० रुपयांनी पार्टीचं खातं डेबिट, विक्री क्रेडिट. जीएसटीत ८२.५० ने १६,५०,००० जाऊ देत, तिथला नियमच तो आहे. मधले १०,००० हे जुळवणीच्या तक्त्यात दिसले पाहिजेत, नफा-तोट्यात नाही.
आणि मेघना, बिल ऑफ लेडिंगवर कुठली तारीख वाचलीस? कागद दिल्याची तारीख वेगळी असू शकते, 'शिप्ड ऑन बोर्ड' शिक्क्याची वेगळी. नुसतं माल ताब्यात घेतल्याचं बिल असेल तर माल अजून गोदीवरच असू शकतो.

मेघना: ऑन बोर्डच १८ आहे, आत्ता बघितलं.

विद्याताई: छान. मग ३१ मार्चला येणं उघडं होतं, म्हणून २०,००० गुणिले ८३.४० धरून पार्टीचं खातं १६,६८,००० ला आणायचं आणि ८,००० नफा त्याच वर्षात दाखवायचा. आता एप्रिल. बँकेची ॲडव्हाइस काढ, त्यात किती डॉलर आले आणि कुठल्या रेटने बदलले ते असतं.

मेघना: १९,९६० डॉलर, रेट ८३.१०. बाहेरच्या बँकेने ४० डॉलर कापलेत.

विद्याताई: इथेच तुझा 'सगळा फरक लॉसला' चुकतो. १६,६८,००० मधून जमा रक्कम वजा केली तर ९,३२४ येतात, पण त्यातला खरा विनिमय तोटा ६,००० च आहे, म्हणजे २०,००० डॉलरवर ३० पैसे. उरलेले ३,३२४ म्हणजे ते ४० डॉलर, ते बँक चार्जेस खात्यात जातात. एकत्र टाकलंस तर पुढे बघणाऱ्याला वाटेल रुपया तुमच्या विरुद्ध गेला, प्रत्यक्षात बँकेने कापलंय, आणि पुढच्या वेळी कापणार नाही याची बोलणी करायचं कोणाच्या लक्षातही येणार नाही.

सुहास: चार्जेसचं मान्य. पण रेटबद्दल मी मागे हटत नाही. एएस ११ मध्ये व्यवहाराच्या दिवशीच्या रेटच्या जवळपासचा रेट चालतो, आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी पण, मग कस्टम्सचा का नाही?

विद्याताई: चालतो, पण चढउतार फारसा नसेल तरच, आणि तुमच्या केसमध्ये ५० पैशांचा फरक आहे. एका इन्व्हॉइसवर १०,०००, अशी वर्षभराची किती असतील ते तुम्हीच बघा.

राजेंद्र: एक विचारतो, आम्हाला पूर्ण ॲडव्हान्स येतो, माल नंतर जातो. मग ३१ मार्चला आम्ही पण रेट बदलून फरक काढायचा का?

विद्याताई: नाही दादा, तुमचा प्रश्न वेगळा. तुम्हाला पैसे यायचे नाहीत, तुम्ही माल द्यायचाय, त्यामुळे तो ॲडव्हान्स परत मोजत नाहीत. पैसे आले त्या दिवशीच्या रेटनेच विक्री दाखवा. फक्त माल गेलाच नाही आणि डॉलर परत द्यायची वेळ आली, तर हिशोब बदलतो.

सुहास: छोट्या फर्मला रोज बिल ऑफ लेडिंग उघडून बघायला माणूस कुठून आणायचा, हा माझा मुद्दा राहतोच. आमच्याकडे तो कागद फॉरवर्डरकडून यायलाच उशीर होतो आणि तोपर्यंत महिना बंद झालेला असतो.

मेघना: आमच्याकडे पण तेच होतं. निदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या शिपमेंटचा ऑन बोर्ड शिक्का फोटोवर मागवून घ्यायचं म्हणते, विक्री कुठल्या वर्षाची ते त्यावरच ठरणार ना. बाकी महिन्यांचं साहेबांशी बोलून बघते.